प्रकाश-अभिक्रियेची झिगझॅग आकृती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरला मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. प्रकाशसंश्लेषणाचा धडा साधारण पावसाळ्यात येतो. बाहेर धो-धो पाऊस, वर्गात ट्यूबलाइट आणि फळ्यावर ती आडवीतिडवी आकृती. तास संपल्यावर जिन्यात जे प्रश्न विचारले जातात ते दरवर्षी जवळपास तेच असतात, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. आकृती पाठ करण्यासाठी ही उत्तरं नाहीत. इलेक्ट्रॉन वर का जातो, खाली का येतो आणि त्यात एटीपी नेमका कुठे बनतो, एवढं तीनच गोष्टींपुरतं हे आहे.

मॅडम, याला झेड-योजना म्हणतात, पण झेड दिसतच नाही. कुठे आहे?

पुस्तक आडवं धरा, दिसेल. आपण आकृती काढतो तेव्हा ऊर्जा उभ्या अक्षावर असते, त्यामुळे ती इंग्रजी ‘एन’ अक्षरासारखी दिसते. एक उभी चढण, मग तिरका उतार, मग दुसरी उभी चढण. पान फिरवलं की त्याचाच झेड होतो. केंब्रिजच्या रॉबिन हिल आणि फे बेंडॉल यांनी १९६० साली ही मांडणी सुचवली. नावावर फार वेळ घालवू नका, खरी मेख पुढच्या प्रश्नात आहे.

उभ्या अक्षावर उणे आकडे वर आणि अधिक आकडे खाली कसे? छपाईची चूक आहे का?

चूक नाही. पण अर्ध्या वर्गाचा गोंधळ इथेच होतो, म्हणून सावकाश सांगते.

अक्षावर जे व्होल्ट लिहिलेले असतात ते ‘इलेक्ट्रॉनची ओढ’ मोजतात. ज्या पदार्थाचा आकडा जास्त अधिक, त्याला इलेक्ट्रॉन हवाहवासा. ज्याचा आकडा उणे, तो इलेक्ट्रॉन देऊन मोकळा व्हायला बघतो. इलेक्ट्रॉन ऋण प्रभाराचा असल्यामुळे तो आपण होऊन उण्याकडून अधिकाकडे सरकतो. आता आपल्याला ‘खाली घरंगळणं’ म्हणजे ‘आपोआप होणं’ असं चित्र हवं असेल, तर उणे वर ठेवायलाच हवं.

अक्षावरचे चार आकडे डोक्यात ठेवा, बाकीचे आपोआप बसतात. पाण्याचा आकडा अधिक ०.८२ व्होल्ट, म्हणजे तळाजवळ. एनएडीपी हा शेवटी इलेक्ट्रॉन घेणारा रेणू, त्याचा उणे ०.३२, म्हणजे बराच वर. पी-६८० म्हणजे प्रकाशप्रणाली २ मधलं हरितद्रव्य, त्याचा अधिक १.२ च्या आसपास, म्हणजे पाण्याच्याही खाली. पी-७०० म्हणजे प्रकाशप्रणाली १ मधलं हरितद्रव्य, त्याचा अधिक ०.४५ च्या आसपास, म्हणजे मधल्या उंचीवर. पाण्यातला इलेक्ट्रॉन एनएडीपीपर्यंत न्यायचा तर त्याला ०.८२ अधिक ०.३२, म्हणजे १.१४ व्होल्ट चढवावं लागतं. आपण होऊन तो कधीच चढणार नाही.

लाल प्रकाशाच्या एका फोटॉनमध्ये १.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. लागते १.१४. मग एकाच फोटॉनमध्ये काम का होत नाही? दोन कशाला?

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला मी त्या दिवशी खडू बक्षीस दिला होता. आकडेमोड तिची बरोबर आहे. ६८० नॅनोमीटरच्या फोटॉनमध्ये १.८२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतात. कागदावर पुरतं. पानात पुरत नाही, आणि त्याची कारणं दोन टोकांना आहेत.

खालचं टोक बघू. पाणी सहजासहजी इलेक्ट्रॉन सोडत नाही. त्याच्याकडून ओढून घ्यायचा तर ओढणारा पाण्यापेक्षा बराच खाली, म्हणजे अधिक १.२ व्होल्टला असावा लागतो. तिथून १.८ ची उडी मारली तर इलेक्ट्रॉन पोहोचतो उणे ०.६ च्या आसपास. एनएडीपी आहे उणे ०.३२ ला. वाटतं, पोहोचला की!

पण वरच्या टोकाला तो टिकत नाही. वर उडालेला इलेक्ट्रॉन आणि खाली उरलेला धन प्रभार एकमेकांच्या अगदी शेजारी असतात. तो तिथे रेंगाळला तर लगेच मागे पडेल आणि सगळी ऊर्जा उष्णता किंवा लाल प्रकाश होऊन वाया जाईल. म्हणून त्याला तातडीने दूर न्यावं लागतं. काही पिकोसेकंदांत तो फिओफायटिनकडे जातो आणि तिथून क्विनोनकडे. दर टप्प्यावर थोडी उंची गमवावी लागते. मागे फिरता येऊ नये म्हणून भरलेला हा दंडच समजा. पहिल्या क्विनोनपर्यंत येताना तो उणे ०.१ च्या आसपास उतरलेला असतो. आता एनएडीपी त्याच्या वर आहे. पोहोचणं संपलं.

म्हणून दुसरा फोटॉन. पी-७०० चं बरोबर उलटं आहे. तो अधिक ०.४५ ला असल्यामुळे पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढायची त्याची ताकद नाही, पण तिथून उडालेला इलेक्ट्रॉन उणे १.२ च्याही वर जातो. मग दंड भरत भरत फेरेडॉक्सिनपर्यंत उणे ०.४२ ला उतरला तरी एनएडीपीच्या वरच असतो. एकाला ओढायची ताकद, दुसऱ्याला ढकलायची. दोन्ही एकाच रेणूत आणता आलं असतं तर झिगझॅग काढायची वेळच आली नसती.

मुंबईतल्या उंच इमारतीत राहणाऱ्यांना हे सांगायला सोपं जातं. तळघरातल्या टाकीतून एक पंप पाणी मधल्या मजल्यावरच्या टाकीत चढवतो, तिथून दुसरा पंप गच्चीत. उपमा अर्धीच लागू पडते, कारण आपल्या इमारतीत पाणी मधल्या टाकीत शांत पडून असतं. पानात पहिला पंप इलेक्ट्रॉनला मधल्या टाकीपेक्षा बराच वर फेकतो आणि टाकीत पडता पडता त्याच्याकडून काम करून घेतलं जातं. ते काम कोणतं, ते एटीपीच्या प्रश्नात सांगते.

दोन वेगवेगळ्या प्रणाली आहेत हे कळलं कसं? कोणी पाहिलं होतं का?

पाहिलं नव्हतं, हिशोब जुळेना म्हणून कळलं. रॉबर्ट इमर्सन यांना १९४३ साली दिसलं की ६८० नॅनोमीटरच्या पुढच्या गडद लाल प्रकाशात शैवाल प्रकाश शोषतं, पण ऑक्सिजन फारच कमी देतं. १९५७ मध्ये त्यांनी गडद लाल प्रकाशासोबत थोड्या कमी लांबीच्या लहरींचा प्रकाशही दिला. दोन्ही एकत्र दिल्यावर मिळालेला ऑक्सिजन दोन्ही वेगवेगळे देऊन केलेल्या बेरजेपेक्षा जास्त भरला. एकच पंप असता तर बेरीज जुळली असती. गडद लाल प्रकाशात दुसरा पंप चालतो, पण पहिला भुकेला राहतो. १९५९ च्या फेब्रुवारीत इमर्सन विमान अपघातात गेले, त्यामुळे ही आकृती त्यांना पाहायला मिळाली नाही.

मग प्रणाली दोन आधी आणि प्रणाली एक नंतर, असा उलटा क्रम का?

क्रमांक सापडण्याच्या क्रमाने पडले, कामाच्या नव्हे.

आकृतीत दोन्ही प्रणाली शेजारी आहेत. पानातही त्या तशाच असतात का?

नाही. ही आकृती ऊर्जेचा आलेख आहे, जागेचा नकाशा नव्हे. ‘वर’ म्हणजे हरितलवकात वर नव्हे. हरितलवकात थायलॅकॉइड नावाच्या पटलाच्या चपट्या पिशव्या असतात. प्रणाली २ बहुतेक करून त्यांच्या चवडींमध्ये दाटलेली असते, प्रणाली १ चवडीबाहेरच्या मोकळ्या पटलावर. त्यांच्यामध्ये इलेक्ट्रॉनची ने-आण दोन फिरते वाहक करतात: पटलाच्या आत पोहणारा प्लास्टोक्विनोन आणि पिशवीच्या पोकळीत फिरणारं प्लास्टोसायनिन नावाचं तांब्याचं प्रथिन. यातला प्लास्टोक्विनोनकडून सायटोक्रोम संकुलाकडे इलेक्ट्रॉन देण्याचा टप्पा सगळ्यांत संथ. फोटॉन पकडणं पिकोसेकंदांत होतं, हा टप्पा मिलिसेकंदांत. दादरच्या पुलावर होते तशी गर्दी तिथेच होते.

प्रकाश पाण्यावर पडून पाणी फुटतं, बरोबर?

अजिबात नाही, आणि उत्तरपत्रिकेत हे वाक्य लिहू नका. पाणी दृश्य प्रकाश जवळपास शोषतच नाही. शोषत असतं तर बादलीत ठेवलेलं पाणी उन्हात फुटलं असतं.

प्रकाश पी-६८० शोषतो. त्याचा इलेक्ट्रॉन निघून गेला की मागे उरतो तो धन प्रभाराचा पी-६८०. जीवसृष्टीत याच्याइतका इलेक्ट्रॉनचा भुकेला दुसरा रेणू माहीत नाही. तो शेजारच्या टायरोसिनकडून इलेक्ट्रॉन ओढतो, टायरोसिन मँगनीजच्या गुच्छाकडून, आणि तो गुच्छ पाण्याकडून. चार मँगनीज, एक कॅल्शियम आणि पाच ऑक्सिजन असा हा छोटासा गुच्छ असतो.

अडचण अशी की पी-६८० एका वेळी एकच इलेक्ट्रॉन मागतो आणि ऑक्सिजनचा एक रेणू तयार व्हायला चार निघावे लागतात:

2H₂O → O₂ + 4H⁺ + 4e⁻

एकेक इलेक्ट्रॉन काढून पाणी अर्धवट फोडलं तर मध्ये अतिशय घातक तुकडे तयार होतील. म्हणून मँगनीजचा गुच्छ उधारी सांभाळतो. एकामागून एक चार इलेक्ट्रॉन तो आपल्या खात्यातून देतो आणि चौथा दिल्यावर दोन रेणू पाण्याकडून सगळी वसुली करून ऑक्सिजन सोडतो.

हे सिद्ध करणारा प्रयोग मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटतो. १९६९ मध्ये मेरी क्युरींचे नातू प्येअर जोलिओ यांनी अंधारात ठेवलेल्या हरितलवकांवर अगदी क्षणभराचे झगझगीत झोत टाकले. एक झोत म्हणजे प्रत्येक प्रणालीला एक फोटॉन. पहिल्या झोताला ऑक्सिजन जवळपास नाही, दुसऱ्यालाही नाही, तिसऱ्याला एकदम भरपूर. पुढे सातव्याला, मग अकराव्याला. दर चार झोतांनी एक लाट.

‘मग पहिली लाट चौथ्या झोताला का नाही?’ असं कोणीतरी विचारतंच. १९७० मध्ये बेसल कोक यांनी उत्तर दिलं. अंधारात गुच्छ शून्याच्या पायरीवर नसतो, एक इलेक्ट्रॉन आधीच गेलेल्या पहिल्या पायरीवर स्थिरावतो. म्हणून तीनच झोत पुरतात. काही झोतांनंतर लाटा हळूहळू पुसट होतात, कारण दर झोताला काही प्रणाली हुकतात, काहींना दोनदा धक्का बसतो, आणि सगळ्यांचा ताल सुटतो.

ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून येतो असं आजोबा म्हणतात.

आजोबांच्या काळातल्या काही पुस्तकांत तसं होतं. १९४१ मध्ये रूबेन आणि केमन यांच्या गटाने पाण्यात जड ऑक्सिजन-१८ घालून पाहिलं, आणि बाहेर पडलेल्या ऑक्सिजनमध्ये तो पाण्यातल्याच प्रमाणात सापडला. आजोबांना नम्रपणे सांगा.

आकृतीत उतारावरच्या बाणाशेजारी ‘एडीपी → एटीपी’ लिहिलेलं असतं. म्हणजे इलेक्ट्रॉन पडताना तिथेच एटीपी बनतो ना?

असं वाटतं, आणि दोष त्या बाणाचाच आहे. मला स्वतःला कॉलेजात दोन वर्षं असंच वाटत होतं. तोंडी परीक्षेत ‘तिथे कोणतं विकर एटीपी बनवतं?’ असं विचारल्यावर मी गप्प बसले होते.

उतारावर बसलेलं असतं सायटोक्रोम बी-६-एफ संकुल, आणि ते एटीपी बनवत नाही. ते प्रोटॉन वाहतं. प्लास्टोक्विनोन प्रणाली २ कडून दोन इलेक्ट्रॉन घेताना स्ट्रोमाच्या, म्हणजे पिशवीबाहेरच्या द्रवाच्या, बाजूचे दोन प्रोटॉनही उचलतो. संकुलाकडे इलेक्ट्रॉन देताना ते प्रोटॉन तो थायलॅकॉइडच्या पोकळीत सोडतो. त्यात आणखी एक युक्ती असते. दोनपैकी एकच इलेक्ट्रॉन पुढे प्लास्टोसायनिनकडे जातो, दुसरा मागे वळून पुन्हा क्विनोनवरच चढतो आणि आणखी प्रोटॉन आणायला उपयोगी पडतो. या फेरीला क्यू-चक्र म्हणतात. शेवटी पुढे गेलेल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे पोकळीत दोन प्रोटॉन जमा होतात.

पाणी फुटतं तेही पोकळीच्याच बाजूला, त्यामुळे तिथले प्रोटॉनही आत साचतात. प्रकाशात पोकळीचा सामू ६ च्या आसपास उतरतो, बाहेर स्ट्रोमात तो ८ च्या जवळ असतो. दोनचा फरक म्हणजे प्रोटॉनची शंभरपट दाटी. हे प्रोटॉन बाहेर पडायला एकच सोयीची वाट शोधतात, एटीपी सिंथेज. ते विकर पटलात रोवलेल्या भोवऱ्यासारखं असतं. प्रोटॉन जाताना त्याचं खालचं कडं फिरतं, मधला दांडा फिरतो, आणि वरच्या गोळ्यात एडीपी व फॉस्फेट जोडले जाऊन एटीपी सुटतो. म्हणजे उतारावरची ऊर्जा आधी प्रोटॉनच्या साठ्यात जाते आणि एटीपी बनतो पटलावर भलत्याच ठिकाणी.

याचा पुरावा काय? प्रोटॉनचं हे सगळं कल्पनेतलं असू शकतं.

पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा बऱ्याच जणांना तसंच वाटलं होतं. १९६६ मध्ये आंद्रे जॅगेनडॉर्फ आणि अर्नेस्ट उरिबे यांनी पालकाच्या हरितलवकांची थायलॅकॉइडं अंधारात सामू ४ च्या आम्लात बुडवली, म्हणजे पोकळीही आम्लयुक्त झाली. मग ती एकदम सामू ८ च्या द्रावणात टाकली आणि एडीपी व फॉस्फेट दिलं. एटीपी तयार झाला. प्रकाश नाही, इलेक्ट्रॉनचा प्रवाह नाही, फक्त आत-बाहेर सामूचा फरक. मिचेल यांना १९७८ चं नोबेल मिळालं.

ऑक्सिजनच्या एका रेणूमागे किती एटीपी? एका पुस्तकात एक आकडा, दुसऱ्यात वेगळा.

चला, एकदा हिशोब करूनच टाकू.

दोन रेणू पाणी घ्या. चार इलेक्ट्रॉन निघाले. प्रत्येकाला दोन चढणी, म्हणून आठ फोटॉन. वर पोहोचल्यावर दोन इलेक्ट्रॉनमागे एक एनएडीपीएच, म्हणजे दोन एनएडीपीएच. पोकळीत पाण्याचे चार प्रोटॉन आणि क्यू-चक्राचे चार गुणिले दोन, म्हणजे आठ, असे एकूण बारा.

आता सिंथेज. पालकाच्या हरितलवकात त्याच्या फिरत्या कड्याला चौदा पाकळ्या असतात. एका पाकळीला एक प्रोटॉन, म्हणजे एका पूर्ण फेरीला चौदा प्रोटॉन लागतात आणि फेरीत तीन एटीपी सुटतात. आपल्याकडे आहेत बारा. बारा भागिले चौदा गुणिले तीन, उत्तर साधारण २.५७.

पुढे केल्विन चक्राला कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूमागे दोन एनएडीपीएच आणि तीन एटीपी लागतात. एनएडीपीएच बरोबर जुळले, एटीपी मात्र थोडे कमी पडले. फेरी पूर्ण व्हायला दोन प्रोटॉन कमी आहेत.

हीच तूट चक्रीय प्रवाह भरून काढतो. प्रणाली १ वरून उडालेला एखादा इलेक्ट्रॉन एनएडीपीकडे न जाता फेरेडॉक्सिनवरून मागे वळतो, प्लास्टोक्विनोनवर येतो आणि पुन्हा त्याच उतारावरून पी-७०० कडे जातो. साध्या मार्गाने एका फेरीत दोन प्रोटॉन पोकळीत पडतात. बारा आणि दोन, चौदा. यात ऑक्सिजन नाही, एनएडीपीएच नाही, फक्त एटीपी. ‘चक्रीय प्रवाहाचं महत्त्व लिहा’ या प्रश्नाचं उत्तर मला यापेक्षा चांगलं माहीत नाही. पानाकडे ही तूट भरायच्या आणखीही वाटा आहेत, आणि काही सूक्ष्मजीवांत कड्याच्या पाकळ्यांची संख्या वेगळी असते. जुन्या पुस्तकांनी एका एटीपीला तीन किंवा चार प्रोटॉन धरले होते. त्यामुळेच आकडे जुळत नाहीत.

मधेच कुठे अडकलं तर कळतं कसं?

उसाच्या शेतात तण मारायला डाययुरॉन वापरतात. ते प्रणाली २ मधल्या दुसऱ्या क्विनोनची जागा अडवतं. मग पहिल्या क्विनोनवर आलेला इलेक्ट्रॉन तिथेच तुंबतो. ऑक्सिजन थांबतो, एनएडीपीएच थांबतं, आणि शोषलेला प्रकाश लाल चकाकी होऊन बाहेर पडू लागतो. ही चकाकी मोजून शास्त्रज्ञ अडथळा ओळखतात.

अमोनियाचं उलटं आहे. तो पोकळीत शिरून प्रोटॉन पकडून ठेवतो, साठा होऊच देत नाही. तेव्हा ऑक्सिजन थांबत नाही, उलट जोरात येतो, कारण प्रोटॉनच्या दाबाचा अडसर गेला. एटीपी मात्र बनत नाही. दोन्हींची तुलना करा: इलेक्ट्रॉनचा रस्ता आणि एटीपीचा कारखाना वेगळे आहेत, हे लगेच दिसेल.

चकाकी घरी पाहायची असेल तर पालकाची चार पानं खलबत्त्यात कुटा, केमिस्टकडचं सर्जिकल स्पिरिट घाला आणि रुमालातून काचेच्या ग्लासात गाळा. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा गॅसजवळ नको. खोलीत अंधार करून नोटा तपासायचा जांभळा टॉर्च बाजूने मारा. हिरवं पाणी रक्तासारखं लाल दिसतं. हरितद्रव्य तेच आहे, प्रकाशही शोषतंय, पण त्याच्या शेजारचं सगळं यंत्र स्पिरिटमध्ये मोडून पडलंय. इलेक्ट्रॉन घ्यायला कोणी नाही, म्हणून ऊर्जा लाल होऊन परत येते. तोच टॉर्च अख्ख्या पानावर मारला तर लाली जेमतेम दिसते.

परीक्षेत आकृती काढताना मार्क कुठे जातात?

अक्षाला नाव आणि दिशा न दिल्याने. पी-६८० पाण्याच्या वर काढल्याने. मग पाणी त्याला इलेक्ट्रॉन देईलच कसं? आणि पी-७०० ची चढण पी-६८० च्याच पातळीवरून सुरू केल्याने, कारण मग मधला उतार उरतच नाही. एटीपीचा बाण उतारापाशी काढायचा असेल तर काढा, तपासणाऱ्याला तो हवा असतो. फक्त त्यावर ‘प्रोटॉनमार्फत’ एवढा एक शब्द लिहा.